मदत हवी आहे : वेण्णा तलावाच्या फोटोत होडी बसवलीय, पण चिकटवल्यासारखी दिसतेय

सुमेध_क
आईचा महाबळेश्वरचा फोटो आहे, मागे तलाव. त्यात बाबा बसलेली होडी घालायची आहे. होडी कापून झाली, उलटी करून खाली प्रतिबिंब लावलं, ओपॅसिटी ५० केली. तरी स्टिकर लावल्यासारखं दिसतंय. तीन तास गेले. शनिवारी प्रिंटला द्यायचंय. काय चुकतंय?

पक्याभाऊ
वेण्णा लेकला होडी हवी असेल तर सकाळी लवकर जा राव. सुट्टीच्या दिवसांत दुपारी रांग लागते. आणि वल्ह्यांची घ्या, पायडलवाल्या बोटीत गुडघे जातात.

सुमेध_क
अहो, होडी फोटोत हवीय. बाबा आता नाहीत.

पक्याभाऊ
माफ करा, शीर्षक नीट वाचलं नाही.

रॉ_फाईल
सॉफ्टवेअर कोणतं? पाणी शांत आहे की लाटा आहेत? होडीचा फोटो कुठून काढलेला? फोटो न दाखवता "काय चुकतंय" विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर पोट दाखवणं. तोवर एक करा : प्रतिबिंबाला गॉशियन ब्लर द्या आणि ओपॅसिटी ३० वर आणा. माझं नेहमी जमतं.

सुमेध_क
फोटोशॉप. बारीक लाटा आहेत. होडीचा फोटो तारकर्लीचा, धक्क्यावरून काढलेला. ब्लर दिला, आता धुक्यातलं भूत दिसतंय.

निळूकाका
धक्क्यावरून म्हणजे वरून. होडीच्या आतल्या फळ्या दिसतायत ना? आणि प्रतिबिंबातही दिसतायत?

सुमेध_क
हो, दोन्हीकडे. का?

निळूकाका
मग चोर सापडला. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे त्याच फोटोची उलटी प्रत नव्हे. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच खाली ठेवून होडीकडे पाहिलं तर जे दिसेल, ते पाण्यात दिसतं. खालून पाहणाऱ्याला होडीच्या आतली फळी कशी दिसणार? त्याला बाहेरची बाजू दिसणार, आणि तिच्या काठामागून बाबांचा वरचा भाग. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं आहे हे त्याला लगेच कळतं. प्रतिबिंबाच्या लेयरमधून आतल्या फळ्या आणि पलीकडचा काठ पुसून टाका.

आता होडी केवढी केलीत ते सांगा. आई काठावर उभी आहे का, आणि फोटो कुणी, कुठे उभं राहून काढला?

सुमेध_क
मीच काढला, आईच्याच कट्ट्यावरून, उभा राहून. कट्टा पाण्यापासून पाचेक फूट उंच असेल. फोटो ४००० × ३००० चा आहे. होडी साधारण ११०० पिक्सेल लांब.

निळूकाका
छान. त्याच कट्ट्यावर उभे होतात म्हणजे आईचे डोळे साधारण तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर, तीच क्षितिजाची रेघ धरा. पाण्यापासून कॅमेरा जवळपास ३ मीटर. ती रेघ वरून किती पिक्सेलवर आहे, आणि होडी पाण्याला कुठे टेकते?

सुमेध_क
डोळे १४००, होडीचा तळ १९००.

निळूकाका
म्हणजे होडीच्या ठिकाणी ५०० पिक्सेल म्हणजे ३ मीटर. चार मीटरची होडी आडवी असेल तर सुमारे ६७० पिक्सेल लांब, आणि बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून १.२ मीटर वर धरलं तर साधारण २०० पिक्सेल. तुमची ११०० ची होडी म्हणजे साडेसहा मीटरची झाली. लहान करा, नाहीतर पुढे आणा. पुढे आणलीत तर हिशोब पुन्हा करा.

अजून एक. बाबा होडीच्या मधोमध बसलेत, अलीकडच्या काठापासून समजा अर्धा-पाऊण मीटर आत. त्यांचं प्रतिबिंब त्यांच्या बरोबर खालच्या पाण्यावर उलटतं, होडीच्या अलीकडच्या कडेवर नाही. म्हणून बाबांचा वेगळा लेयर करा, होडीच्या प्रतिबिंबाच्या मागे ठेवा आणि ३० ते ३५ पिक्सेल वर सरकवा. मग त्यांच्या प्रतिबिंबाचा छातीखालचा भाग होडीच्या प्रतिबिंबामागे जाईल. तसाच जायला हवा.

रॉ_फाईल
एवढं गणित कोण करतं? प्रिंटमध्ये कुणाला दिसतं? लाटा महत्त्वाच्या. मूळ फोटोची ग्रे प्रत काढा, थोडी ब्लर करून .psd म्हणून सेव्ह करा, न कापता, पूर्ण मापाची. मग प्रतिबिंबावर `Filter > Distort > Displace`, Horizontal १०, Vertical ०, आणि तीच फाईल निवडा. त्याच पाण्याच्या लाटा प्रतिबिंबावर येतात.

निळूकाका
कल्पना चांगली, आकडे उलटे. लाटांमुळे प्रतिबिंब आडवं कमी हलतं, उभं जास्त ताणलं जातं. तुमच्याच फोटोत झाडाच्या खोडाचं प्रतिबिंब बघा, खाली लांबत गेलेलं असतं. Vertical मोठं ठेवा. आणि ओपॅसिटी ३० मुळीच नको. गडद होडीच्या प्रतिबिंबातून आभाळाचं प्रतिबिंब आरपार दिसलं की भूत झालंच. ८५-९० ठेवा आणि उजेड `Curves` ने बदला : पांढरा शर्ट बराच मंद, काळी होडी किंचित उजळ आणि पाण्याच्या रंगाकडे झुकलेली. किती ते पलीकडच्या झाडांवरून ठरवा. झाड आणि त्याचं प्रतिबिंब यांत जो फरक आहे, तोच होडीला द्या.

रॉ_फाईल
मी हाताने आडव्या पट्ट्या कापूनही बघितलंय, डिस्प्लेसपेक्षा बरं येतं. जवळच्या पट्ट्या जाड, लांबच्या बारीक.

निळूकाका
ते मान्य. वेळ असेल तर हातानेच.

अनघा_ठाणे
मध्येच विचारते. माझ्या तलावपाळीच्या फोटोत मागे एक पायडल बोट आलीय. काढून टाकली, पण तिथे डाग दिसतो.

निळूकाका
बोट काढलीत, तिचं प्रतिबिंब आणि मागची फेसाची रेघ राहिली असेल. तीही घालवा. आणि क्लोन करताना डावी-उजवीकडचं पाणी त्याच ओळीतून घ्या. वरचं किंवा खालचं घेतलंत तर लाटांचा आकार बदलतो, तोच डाग.

अनघा_ठाणे
वरून घेतलं होतं! तलावपाळीला आलात तर वडापाव माझ्याकडून.

पक्याभाऊ
तलावपाळीला मी पण येतो मग.

सुमेध_क
फळ्या पुसल्या, होडी ६७० केली, बाबा वर सरकवले. आई म्हणाली, "हे कधी गेले होते महाबळेश्वरला?" म्हणजे जमलं. पण होडीवर ऊन डावीकडून आहे आणि आईवर उजवीकडून. होडी आडवी फिरवली तर?

निळूकाका
फिरवा, पण शर्टाचा खिसा उजवीकडे जाईल आणि भांगही. खिसा हलवता येईल, भांग मात्र आई ओळखेल.

रॉ_फाईल
मग बाबा तसेच ठेवून फक्त होडी फिरवा.

निळूकाका
मग ऊन चेहऱ्यावर डावीकडून आणि होडीवर उजवीकडून. चेहऱ्यावर `Dodge` आणि `Burn` ने उजेड बदलायचा प्रयत्न करता येईल. नाकाची सावली मात्र अवघड.

सुमेध_क
भांग चालणार नाही. आज रात्री नाकाच्या सावलीवर बसतो.