अनुभव धागा: नोकरीसाठी एकट्याने नवीन शहर आणि ती रविवारची संध्याकाळ

शेंगाचटणी

गेल्या रविवारी साडेसहाला भाचीचा फोन. दोन महिने झाले हैदराबादला जाऊन, पहिली नोकरी. म्हणे मामा, वरणाला फोडणी आधी घालतात का नंतर? आता ही पोरगी बारावीपासून अख्ख्या घराचा स्वयंपाक करते. मी गपचूप सांगितलं, नंतर. मग म्हणे हिंग किती. मग म्हणे तिकडे पाऊस आहे का. पंचवीस मिनिटं झाली आणि फोन ठेवायला काही तयार नाही. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, अरे हा तर माझा २००९ चा चेन्नईतला फोन!

मी बार्शीचा, ऑफिस पेरुंगुडीला, राहायला तिरुवान्मियूरला एका खोलीत. सोमवार ते शनिवार कळायचंसुद्धा नाही, दमून यायचो नि झोपायचो. रविवारी सकाळ कपडे धुण्यात, दुपार झोपेत. पाच वाजता उठलं की ते पिवळं ऊन भिंतीवर आणि खालून दुसऱ्यांच्या घरातल्या मिक्सरचा आवाज. पोटात खड्डा पडायचा. घरी फोन करायला काहीतरी कारण लागतंच, नाहीतर आई विचारणार "आवाज असा का येतोय".

सुरुवातीला मी काय करायचो, तर तिरुवान्मियूरहून लोकल पकडून बीच स्टेशनपर्यंत जायचो आणि त्याच गाडीने परत. माणसांत असावं म्हणून. रविवारी ती गाडी अर्धी रिकामी, त्यामुळे आणखीच भकास वाटायचं. इलियट्स बीचवर गेलो तर सगळे घोळक्याने. तिसऱ्या की चौथ्या रविवारी कंटाळून खोलीजवळच्याच चहाच्या टपरीवर बसलो, केळ्याची भजी खाल्ली आणि ठरवलं की आता लांब जायचंच नाही. दर रविवारी साडेपाच, तोच बाक, तीच भजी. पहिले चार-पाच आठवडे काहीही झालं नाही हे मुद्दाम लिहितोय. साधारण सहाव्या वेळी टपरीवाले अण्णा न विचारता कमी साखरेचा चहा घेऊन आले. आठव्या वेळी म्हणाले, "ऊरु?" म्हणजे गाव कुठलं. बार्शी काय कळणार, म्हटलं सोलापूर. तर हा माणूस एकदम ओरडला, "सोलापूर बेडशीट!" आणि बाकावरच्या चार लोकांना सांगत सुटला. त्यानंतर माझं नाव तिथे बेडशीट. मी एक रविवार गेलो नाही तर सोमवारी वॉचमन विचारायला लागला, काल कुठे होतास. मित्र वगैरे नाही झाले कुणी, भाषाच येत नव्हती धड. पण न आल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतंय एवढ्यावर माझे रविवार निघाले.

तुम्ही ती संध्याकाळ कशी काढलीत? लिहा. भाचीला लिंक पाठवणार आहे (तिला सांगू नका की मला फोडणीचं कळलंय).

कुकरची_शिट्टी

बेडशीट 😂😂 आजपासून तुमचा आयडी बदला

आमच्याकडे पुण्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद!! जगातला सगळ्यात क्रूर नियम. दुपारी फीस्ट म्हणून गुलाबजाम घालायचे नि रात्री वाऱ्यावर. सहा मुली सहा खोल्यांत सहा मॅगी. दीड वर्षाने कळलं की सगळ्याच रडत होत्या. नंतर लिहिते, शिट्टी झाली

सांगलीकर_आत्ता_पुण्यात

माझी चूक लिहितो, कुणाच्या उपयोगी पडली तर पडली. मी दर शुक्रवारी स्वारगेटहून गाडी पकडून घरी. चार-पाच तासांचा तर रस्ता आहे म्हटलं, एकटं कशाला राहायचं. असं चौदा महिने. ऑफिसातली पोरं शुक्रवारी रात्री जेवायला, शनिवारी सकाळी सिंहगड, आणि मी नेमका तेव्हा गाडीत. सोमवारी त्यांचे जोक मला कळायचे नाहीत. पहिले दोन महिने विचारायचे, मग विचारायचे बंद झाले, त्यात त्यांचं तरी काय चुकलं. चौदा महिन्यांनी ताप आला तेव्हा फोनमध्ये पुण्यातला एकही नंबर नव्हता ज्याला "क्रोसिन आण" म्हणता येईल. घरमालक सोडून. मग एकाआड एक शनिवार-रविवार राहायला लागलो. पहिले दोन फार वाईट गेले, तिसऱ्याला एकाच्या खोलीचं सामान हलवायला गेलो आणि तिथून सुरू झालं. सामान हलवायला कुणी बोलावलं तर नक्की जा, माझं स्पष्ट मत आहे.

विदर्भाची_लेक

@सांगलीकर पण आईवडील चार तासांवर आहेत तर का जाऊ नये माणसाने? मला नाही पटलं. मी नागपूरची, मुंबईत होते, मला रात्रभराची गाडी, मी तुमच्या जागी असते तर दर आठवड्याला गेले असते. उगाच शहाणपणा करून बाबांबरोबरचे रविवार घालवले असं आता वाटतं.

सांगलीकर_आत्ता_पुण्यात

हम्म. याला माझ्याकडे उत्तर नाही ताई.

लोखंडी_मनगट

सगळ्यांना एकच उपाय, जिम. सकाळी सहाला एक तास, सगळं डोपामाईन आहे. आणि फोनमधली सगळी अ‍ॅप उडवा, लोकांचे फोटो बघूनच एकटं वाटतं. मी तीन महिन्यांत ओके.

कुकरची_शिट्टी

@लोखंडी मी उडवलं होतं व्हॉट्सअ‍ॅप. फ्लॅटमधल्या मुलींनी कोजागरीचा प्लॅन त्याच ग्रुपवर केला, गच्चीवर मसाला दूध, आणि मी खाली खोलीत दार लावून डोपामाईन वाढवत बसलेले

लोखंडी_मनगट

बरं दूध सोडा, जिम तर करा 😅

नवखा_१९९९

माझं पुढच्या महिन्यात बंगलोरला जॉइनिंग आहे, पीजी घेऊ का वन आरके? डिपॉझिट किती मागतात? एक जण दहा महिन्यांचं म्हणाला, खरं का?

आयटीतला_हमाल

फ्लॅटला दहा महिन्यांचं मागायचे हे खरंय, घासाघीस होते. पीजीला एखाद-दोन महिन्यांचं. पण धाग्याच्या विषयाला धरून सांगतो, पहिले तीन महिने पीजीच घे आणि तेही डबल शेअरिंग. मी हौसेने एकट्याचा वन आरके घेतला, अकरा महिन्यांचा करार, त्यात सहा महिने सोडता येणार नाही अशी अट. शुक्रवारी रात्री ऑफिसमधून निघाल्यावर थेट सोमवारी सकाळी तोंडातून पहिला शब्द निघायचा. एका सोमवारी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगमध्ये बोलायला गेलो तर घसा बसलेला, सगळ्यांना वाटलं सर्दी.

नवखा_१९९९

बापरे. आणि पीजीत गीझर असतो का?

प्राजक्ता_म्युनिक

भारतात निदान रविवारी दुकानं उघडी असतात हो. इथे जर्मनीत रविवारी सगळं बंद, नोव्हेंबरात साडेचारला अंधार. मी पहिल्या वर्षी फक्त माणसं दिसावीत म्हणून रेल्वे स्टेशनवरच्या बेकरीत जायचे, ती उघडी असते. सगळे म्हणाले महाराष्ट्र मंडळात जा. गेले गणपतीला, आरती झाली, मोदक मिळाले, पण सगळी जोडपी नि मुलं, जो तो विचारणार "मिस्टर काय करतात?" घरी येऊन जास्त रडले. मंडळाचा दोष नाही, वर्षातून दोनदा भेटून ओळख होतच नाही मुळी. जमलं कुठे तर फोल्क्सहोखशूलं म्हणून इथे शहराच्या वतीने वर्ग चालतात, तिथे मातीची भांडी शिकायला. दर मंगळवारी संध्याकाळी, बारा आठवडे, तीच दहा माणसं. माझी भांडी सगळी वाकडी व्हायची, शेजारची सत्तरीची आजी माझ्यावर हसायची, आता तिच्याकडेच नाताळला जेवायला जाते. वाकडा मग अजून वापरते.

समुपदेशक_नव्हे_ताई

माझं कामच तरुण मुलांशी बोलण्याचं आहे (आयडी विनोद आहे). शेंगाचटणी आणि प्राजक्ता दोघांचं एकच चाललंय बघा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच माणसं. मी मुलांना "मित्र करा" असं सांगायचं सोडून दिलंय, त्याने धसका बसतो. एक अशी जागा शोधा जिथे आठवड्यातून एकदा जाल, आणि सहा-आठ वेळा गेल्याशिवाय "जमत नाही" म्हणायचं नाही. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सोडतात, नेमकं ओळख होण्याच्या आधी.

आणि घरचा फोन. तासभर समोरासमोर व्हिडिओ कॉलवर "आणखी काय" करत बसण्यापेक्षा फोन डब्याला टेकवून ठेवा, तुम्ही भाजी चिरा, आई तिकडे लसूण सोलेल. बोलणं झालं तर झालं.

एक मात्र गंभीरपणे. संध्याकाळपुरतं उदास वाटणं वेगळं. दोन आठवडे झाले तरी रोजच, दिवसभर तसंच आहे, झोप उडालीय किंवा उठवतच नाही, आंघोळ-जेवण टळतंय, कामात चुका होतायत, तर ते टपरीने जाणार नाही. डॉक्टरांना भेटा, नाहीतर १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जगावंसं वाटत नाही असं मनात आलं तर दोन आठवडेही थांबू नका.

बोरकरांची_आई

बाळांनो मी सगळं वाचलं. माझा मुलगा गुरगावला आहे, मी रोज रात्री विचारते जेवलास का, तर चिडतो, म्हणतो आई दुसरं काही विचार ना. आता दुसरं काय विचारू, त्याच्या ऑफिसातलं मला कळत नाही. मीही इकडे एकटीच असते हे त्याला कसं सांगू.

शेंगाचटणी

काकू, विचारत राहा. चेन्नईत आमचा वॉचमन रोज रात्री मला "साप्टाच्चा?" म्हणायचा. मला वाटायचं हा जेवायला बोलावतोय, दोनदा तर मी ताट घेऊन गेलो त्याच्याकडे 🙈 नंतर कळलं, जेवलास का एवढंच, आपल्या "काय, कसं काय" सारखं. चिडायचो मी पण. तो सुट्टीवर गेला तेव्हा पंधरा दिवस कुणी विचारलं नाही, ते लक्षात राहिलं.

बोरकरांची_आई

ताट घेऊन गेलात 😄 हे सांगते त्याला.

गप्प_बसलेला

पहिल्यांदाच लिहितोय. नोएडा, आठ महिने. टपरी पण करून बघितली, इथे टपरीवर सगळे गाडीतूनच चहा घेतात. जिम आहे. झोप ठीक आहे ताई, तसं काही नाही. फक्त मराठी बोलायला मिळत नाही, स्वतःशीच बोलतो कधीकधी. उपाय नकोय, लिहावंसं वाटलं.

विदर्भाची_लेक

बरं केलं लिहिलंत. मी पण बोलते स्वतःशी, वऱ्हाडीत, आणि शिव्या पण देते.

आयटीतला_हमाल

@गप्प_बसलेला मी दोन वर्षं दिल्लीत काढली. उपाय नाही सांगत, जेवण सांगतो. कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे, नोएडाहून ब्लू लाइनने येता येतं. तिथल्या कँटीनला मी जायचो, आधी फोन करून विचारून घे. पोहे ठीकठाकच, पण वाढणारा "अजून घ्या की" म्हणायचा, त्या "की" साठी जायचो मी.

गप्प_बसलेला

"की" 🙂 रविवारी बघतो.

कुकरची_शिट्टी

आले परत. काय लिहायचं होतं ते विसरले, आमटी उतू गेली. त्या सहाजणींचा ग्रुप अजून आहे, नाव "मॅगी सहा".

नवखा_१९९९

गीझरचं कुणी सांगेल का प्लीज?