मिक्सरचं तिसरं चॅनल गप्प, डेस्क बदलू की दुरुस्त करू?

निषाद_ध्वनी: आठ चॅनलचा ॲनालॉग मिक्सर आहे. कालपासून तिसऱ्या चॅनलला आवाजच नाही. म्यूट काढलेलं आहे, गेन अर्ध्याच्या वर नेला, फेडर शून्यावर. तोच माइक, तीच केबल चौथ्याला लावली की खणखणीत. खर्च एखाद्या केबलपुरताच जमेल. काय करू?

मंचामागे: डिजिटल घ्या. मी घेतला तेव्हापासून ही कटकटच संपली.

खर्जातला: केबल गेली असणार. आत टाका सुटतो, माझं तर दर वेळी तेच निघतं.

तारजोड: अहो, तीच केबल चौथ्याला चालते असं लिहिलंय त्यांनी. मला मागच्या इन्सर्ट जॅकचा संशय येतो. प्रीअँपमधून निघालेला सिग्नल त्या जॅकमधून जातो. तिथे काही लावलेलं नसतं तेव्हा आतली एक पातळ पट्टी त्याला पुढची वाट देते. जॅक वर्षानुवर्षं रिकामा राहिला की पट्टी काळवंडते आणि वाट तुटते.
खात्री अशी करा. फेडर खाली घ्या. साधी मोनो जॅकची केबल तिसऱ्याच्या इन्सर्टमध्ये पूर्ण आत घाला, दुसरं टोक पाचव्याच्या लाइन इनला. आता बोला. पाचव्यावर आवाज आला तर माइक, गेन, प्रीअँप सगळं ठीक आहे, दोष त्याच्या पुढे आहे. बहुतेक डेस्कवर जॅकचं टोक सेंड असतं, काहींवर उलट, म्हणून मॅन्युअल बघा.

गुणगुण: माझ्याकडे उलटं, आवाज येतो पण खाली सतत घूंऽऽ. लॅपटॉप लावला की सुरू. चार्जरची अर्थ पिन काढली, गेलं!

तारजोड: ती पिन आधी परत लावा. शॉक बसू नये म्हणून असते ती. लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबली तर ग्राउंड लूप आहे, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

खर्जातला: तरी मी म्हणेन, केबल बदलून बघा.

निषाद_ध्वनी: पाचव्यावर स्पष्ट आवाज आला! मग जॅक वीसेक वेळा आत-बाहेर केला. तिसरं चॅनल एकदा खरखरलं आणि सुरू झालं. तासाभराने परत गप्प.

तारजोड: म्हणजे पट्टीच. वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, पुन्हा तेच करा, सुकू द्या. तेलकट स्प्रे नको, धूळ धरतो. तरी नाही झालं तर जॅक बदलावा लागेल.

मंचामागे: एवढ्या वेळात नवा आला असता.

निषाद_ध्वनी: क्लीनर नाही आणला. घरात एक स्टिरिओ जॅक पडला होता, त्याच्या टोकाला आणि रिंगला तारेचा तुकडा डागला आणि इन्सर्टमध्ये खोचून ठेवला. दोन दिवस चॅनल सलग चालतंय. आता हा असाच राहू देणार, वर लाल टेप लावलीय म्हणजे कुणी उपटणार नाही.

तारजोड: चालेल. मी असतो तर जॅक बदलला असता.