मदत हवी आहे: परिच्छेदावरून विधान तपासताना ‘विरोध’ आणि ‘उल्लेख नाही’ यांतली रेघ कुठे मारायची?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून मराठीत एक छोटा संच तयार करतोय. एक परिच्छेद द्यायचा, त्याखाली एक विधान, आणि तीनपैकी एक शेरा मारायचा: आधार आहे, विरोध आहे, किंवा उल्लेख नाही. पुढे हा संच संगणकाला हेच काम शिकवायला आणि त्याची परीक्षा घ्यायला वापरायचा आहे. प्रत्येक विधान दोघे जण एकमेकांना न विचारता तपासतात. ‘आधार आहे’वर आमचं सहसा जमतं, उरलेल्या दोन शेऱ्यांत मात्र सारखी ओढाताण होते.

विषय आपल्याकडचाच घेतलाय, पूर. खालचा परिच्छेद पावसाळ्यातल्या पूरस्थितीच्या बातमीच्या धर्तीवर आम्हीच लिहिलाय, त्यामुळे आकडे नमुन्याचे आहेत.

“राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पाणीपातळी सकाळी ८ वाजता ४१ फूट ६ इंच होती. इशारा पातळी ३९ फूट आहे. राधानगरी धरणाचे ३, ४, ५, ६ आणि ७ क्रमांकाचे स्वयंचलित दरवाजे खुले असून, दरवाजे व वीजगृह मिळून ८,६४० क्युसेक विसर्ग सुरू आहे. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांमध्ये राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ यांचा समावेश आहे.”

अडलेली विधानं:

१. पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली आहे.
२. पंचगंगा अजून धोका पातळीच्या खाली आहे.
३. राधानगरीचे सातही दरवाजे उघडले आहेत.
४. शिंगणापूर बंधारा पाण्याखाली गेला आहे.
५. पाणीपातळी ४१ फूट ६ इंच असून शिवाजी पुलावरची वाहतूक बंद केली आहे.

तुम्ही काय शेरे द्याल, आणि कशावरून? कारण सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

प्रयाग_चिखलीकर

ताई, पुराच्या दिवसांत असल्या मेसेजवर विश्वास ठेवूच नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियंत्रण कक्षाला सरळ फोन लावायचा. गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर आलं की आंबेवाडीच्या पुढं रस्त्यावर पाणी आलंय. मी सकाळची बातमी उघडली, बंद रस्त्यांत आमचा रस्ता नव्हता. म्हटलं अफवा आहे, आणि गाडी काढली. निम्म्यातून परत फिरावं लागलं, पाणी चाकाच्या वर होतं. तेव्हा खरं काय ते तिथल्या माणसालाच विचारा.

राजारामपुरी_नववी_गल्ली

दादा, सुखरूप परत आलात हे बरं झालं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. विधान खरं की खोटं हे आम्हाला शोधायचं नाही. समोरचा परिच्छेद त्याबद्दल काय म्हणतो, एवढंच ठरवायचंय.

निवृत्त_पाटबंधारे

तिसऱ्या विधानात वाद कसला? साफ चूक आहे ते. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी जातं. पाच दरवाजांचं झालं ७,१४०, त्यात वीजगृहाचे १,५०० धरा, बरोबर ८,६४०. सातही उघडले असते तर आकडा साडेअकरा हजारांच्या घरात गेला असता. म्हणून ‘विरोध आहे’.

दुसऱ्यालाही ‘आधार आहे’ द्या. धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल. ४१ फूट ६ इंच म्हणजे अजून दीड फूट खाली.

शब्दमोजणी

मी अशाच संचांवर काम करते, मूळची गडहिंग्लजची. निवृत्त काका, तुमचा हिशेब चोख आहे. पण १,४२८, १,५०० आणि ४३ यांतला एकही आकडा परिच्छेदात नाही. ते तुमच्याजवळ आहेत. ज्याने राधानगरी कधी पाहिलं नाही अशा लातूरच्या माणसापुढे हाच कागद ठेवला, तर त्याला हा हिशेब करता येईल का? नाही ना. इथे तपासायचा आहे कागद, तुमचा अनुभव नव्हे.

मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. परिच्छेद शब्दन्‌शब्द खरा धरला, तर हे विधान खोटं असू शकेल का? आणि खरं असू शकेल का? खोटं असूच शकत नसेल तर आधार. खरं असूच शकत नसेल तर विरोध. दोन्ही शक्य असेल तर उल्लेख नाही.

पहिल्या विधानाला हे लावा. ‘ओलांडली’ हा शब्द परिच्छेदात कुठेच नाही, पण ४१ फूट ६ इंच आणि ३९ फूट हे दोन्ही आकडे आहेत. मोठा कोणता हे ठरवायला बाहेरचं काही लागत नाही. म्हणून आधार.

दुसऱ्यात इशारा पातळी दिलीय, धोका पातळी दिलेली नाही. ती इशाऱ्याच्या वर असणार एवढं समजतं, पण ४० फूट की ४३ फूट हे कागद सांगत नाही. म्हणून उल्लेख नाही. विधान खरं आहे हे आपल्याला ठाऊक असलं, तरीसुद्धा.

चौथ्यात शेवटच्या वाक्यातलं ‘यांचा समावेश आहे’ नीट वाचा. ही सहा नावं यादीत आहेत एवढंच त्यातून कळतं, सातवं नाव नाही असं कुठे म्हटलंय? तिथे ‘हे सहाच बंधारे पाण्याखाली आहेत’ असं असतं तर मी डोळे झाकून ‘विरोध’ लिहिला असता. चिखलीकर दादांनी सकाळच्या बातमीत नेमकं हेच केलं. यादीत रस्ता नव्हता, म्हणून तो सुरू आहे असं धरलं. बातमी त्या रस्त्याबद्दल गप्प होती, आणि गप्प असणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे.

प्रयाग_चिखलीकर

आत्ता लक्षात आलं. म्हणजे ‘उल्लेख नाही’ हा शेरा बघून कुणी ‘खोटं’ समजलं तर माझ्यासारखी गत व्हायची. हे तुमच्या संचात मोठ्या अक्षरांत लिहा.

साधं_सरळ

एवढं खोलात कशाला जायचं? विधानातले शब्द परिच्छेदात सापडले तर आधार, उलटे शब्द सापडले तर विरोध, काहीच सापडलं नाही तर उल्लेख नाही. मी आमच्या क्लासच्या पोरांना उताऱ्यावरचे प्रश्न असेच शिकवतो.

शब्दमोजणी

सर, बऱ्याच उताऱ्यांत हे चालेल, पण इथे पहिल्याच विधानाला अडेल. शब्द नाही आणि तरी आधार आहे. उलट बाजूही बघा. ‘सुर्वे बंधारा सोडून बाकीचे पाण्याखाली गेले’ यातले जवळजवळ सगळे शब्द परिच्छेदात आहेत, तरी विरोध आहे. शब्द जुळवून शेरा देणारा माणूस असल्या विधानावर हमखास फसतो, आणि तसाच संच शिकलेला प्रोग्रॅमही फसतो.

पाचवं विधान मी आहे तसं ठेवणार नाही. त्यात दोन विधानं आहेत. पातळीला आधार आहे, पुलाचा उल्लेख नाही. दोन्ही मिळून एकच शेरा द्यायचा झाला तर ‘उल्लेख नाही’, कारण निम्म्या भागाच्या आधारावर पूर्ण विधान उभं राहत नाही. मात्र एका भागाला विरोध असेल, समजा पातळी ४५ फूट लिहिली असेल, तर पुलाचं काहीही असो, पूर्ण विधानाला विरोध. तरी तोडून दोन केलेलीच बरी.

भाषांतर_करणारा

मी दुसऱ्या विधानावर सहमत नाही. बाहेरचं ज्ञान अजिबात वापरायचं नाही हे बोलायला सोपं आहे. पंचगंगा ही नदी आहे हे परिच्छेदात कुठे लिहिलंय? बारा इंचांचा फूट होतो हे कुठे लिहिलंय? तेवढं आपण वापरतोच. मग ४३ फूट का नको? रेघ नक्की कुठे?

शब्दमोजणी

तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि याला पक्कं उत्तर नाही. मी असं धरते की मराठी वाचणाऱ्या कुणालाही, कुठल्याही गावात, न शोधता जे माहीत असतं ते चालेल. फूट-इंच चालतात. एका नदीच्या एका बंधाऱ्यावरची धोका पातळी शोधावी लागते, म्हणून ती चालत नाही. मधे करडा पट्टा राहणारच. तुमच्या संचापुरती रेघ मारा, लिहून ठेवा, आणि मग ती हलवू नका.

भाषांतर_करणारा

‘कुठल्याही गावात’ म्हटलं की शिरोळ तालुक्यातल्या माणसाचं सामान्यज्ञान बाद झालं. मला हे पटत नाही, पण लिहून ठेवायचं हे मान्य.

राजारामपुरी_नववी_गल्ली

तिसरं राहिलं. निवृत्त काकांचा हिशेब बाजूला ठेवला तर काय द्यायचं? ‘३ ते ७ खुले’ म्हटल्यावर १ आणि २ बंद आहेत असं समजायचं का? आमच्यातला एक म्हणतो विरोध, दुसरी म्हणते उल्लेख नाही.

शब्दमोजणी

मी ‘विरोध’ देईन, थोड्या शंकेसह. बंधाऱ्यांच्या यादीत ‘समावेश’ आहे, दरवाजांच्या वाक्यात नाही. तिथे एकेक क्रमांक मोजून सांगितलाय. सात दरवाजे उघडे असताना कुणीही पाचांचेच क्रमांक देऊन थांबणार नाही. पण हा झाला सांगण्याच्या रीतीवरून काढलेला अर्थ. माझ्या दोन प्रश्नांवर काटेकोर घासलं तर विधान खरं असायला फट उरते.

त्याच्याही आधी वेळेचं ठरवा. २०१५ मध्ये इंग्रजीत एसएनएलआय नावाचा मोठा संच आला, तो करणाऱ्यांपुढे हाच पेच होता. ‘एक बोट पॅसिफिक महासागरात बुडाली’ आणि ‘एक बोट अटलांटिक महासागरात बुडाली’ यांत विरोध आहे का? एकच घटना धरली तर आहे, दोन वेगळ्या बोटी धरल्या तर नाही. त्यांनी दोन्ही वाक्यं एकाच प्रसंगाबद्दल आहेत असं धरलं. तुम्हीही नियम करा: विधानात वेळ नसेल तर ते परिच्छेदाच्याच वेळेचं समजायचं, ‘सायंकाळी’ असं लिहिलं असेल तर सकाळी ८ च्या नोंदीवरून त्याला विरोध द्यायचा नाही.

निवृत्त_पाटबंधारे

हे बाकी महत्त्वाचं बोललात. ते दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि मिटतात. सकाळी पाच असतात, दुपारी सातही होतात. आमच्या नोंदवहीत आकड्यापुढे वेळ नसली की तो आकडा आम्ही धरतच नव्हतो.

शब्दमोजणी

काका, तेच. आणि ताई, दोन गोष्टी आणखी. ‘आधार’ किंवा ‘विरोध’ देणाऱ्याने परिच्छेदातलं नेमकं वाक्य अधोरेखित केलंच पाहिजे. २०१८ च्या फीव्हर या विधानं तपासण्याच्या इंग्रजी संचातही या दोन शेऱ्यांसोबत पुराव्याची वाक्यं नोंदवली होती. ज्याला रेघ मारायला वाक्य सापडत नाही, त्याचा ‘विरोध’ बहुतेक वेळा स्वतःच्या माहितीतून आलेला असतो.

दुसरं, विधानं तुम्हीच रचताय म्हणून सांगते. परिच्छेद झाकून नुसती विधानं एका तिऱ्हाइताला द्या आणि शेरे ओळखायला सांगा. तीन शेरे सारख्या प्रमाणात असतील तर अंदाजाने तिसरा हिस्सा बरोबर यायला हवा. एसएनएलआयमध्ये पुढे असं आढळलं की मूळ वाक्य न दाखवताही प्रोग्रॅम सुमारे ६७ टक्के शेरे ओळखतो, याचं एक कारण म्हणजे ‘विरोध’ रचताना लोक सर्रास नकार घालत होते. मराठीत ‘नाही’, ‘नव्हता’, ‘एकही’ यांवर लक्ष ठेवा.

राजारामपुरी_नववी_गल्ली

विधानं चाळून पाहिली. ‘विरोध’च्या बऱ्याच विधानांत खरंच ‘नाही’ आहे, ती नव्याने लिहायला घेतली. पाचवं तोडलं. वेळेचा नियम आणि अधोरेखनाचा नियम आजपासून लागू. दुसऱ्याला ‘उल्लेख नाही’, आणि त्याच परिच्छेदाची आणखी एक प्रत ‘धोका पातळी ४३ फूट आहे’ हे वाक्य घालून ठेवतोय, तिथे शेरा ‘आधार’ होईल.

तिसऱ्यावर आमच्या दोघांचं अजून जमलेलं नाही. दोघांनीही एकच वाक्य अधोरेखित केलंय आणि शेरे मात्र वेगळे. असं विधान संचात ठेवावं की काढून टाकावं?

भाषांतर_करणारा

ठेवा, आणि दोन्ही शेरे नोंदवा.

शब्दमोजणी

परीक्षेच्या भागातून काढा, शिकवण्याच्या भागात दोन्ही शेऱ्यांसकट ठेवा. परीक्षेत उत्तर एकच लागतं, आणि ते तुमच्याजवळ नाही.