लॉरेन्झची तीन समीकरणं: भाकीत मोडतं ते पद्धतीमुळं की समीकरणांमुळं?

निपाणी_एमएस्सी
लॉरेन्झची तीन समीकरणं, १०, २८ आणि ८/३ हे नेहमीचेच आकडे. आरके-फोर, स्टेप ०.०१. एक रन (1, 1, 1) पासून, दुसऱ्यात फक्त x `1e-8` नं जास्त. वेळ t विसापर्यंत जाईतो दोन्ही प्लॉट एकावर एक बसतात, मग एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच राहत नाही. दोष कोडचा, पद्धतीचा की समीकरणांचाच? आमच्या बॅचमध्ये दोन तट पडलेत.

शहापूर_बेळगाव
पद्धतीचाच, वाद कशाला? स्टेप अर्धी करा. आरके-फोरमध्ये स्टेप अर्धी केली की चूक सोळापट कमी होते. ०.०१ आणि ०.००५ हे दोन रन एकाच ठिकाणाहून सोडून बघा, तेसुद्धा १५-२० च्या आसपास फुटतात. सुरुवात तीच असूनही फुटतात म्हणजे चूक स्टेपचीच झाली की.

टिळकवाडी_न्यूमेरिकल
शहापूरकर, तुमचा प्रयोग बरोबर आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुम्ही सुरुवात तीच ठेवून स्टेप बदलली. निपाणीकरांनी स्टेप तीच ठेवून सुरुवात बदलली. त्यांच्या दोन्ही रनमध्ये स्टेप ०.००१ करा. दोन्ही वाटा आधीपेक्षा वेगळ्या निघतील, पण एकमेकींपासून फुटण्याची वेळ पुन्हा विशीच्या आसपासच येईल.

निपाणीकर, कोडवर संशय असेल तर आधी हे करा. बाकी काहीही न बदलता २८ च्या जागी १० घाला.

```python
import numpy as np

def f(u, r):
    x, y, z = u
    return np.array([10*(y-x), x*(r-z)-y, x*y-8*z/3])

def step(u, r, h):
    k1 = f(u, r)
    k2 = f(u + h*k1/2, r)
    k3 = f(u + h*k2/2, r)
    k4 = f(u + h*k3, r)
    return u + h*(k1 + 2*k2 + 2*k3 + k4)/6

r, h = 28.0, 0.01
a = np.array([1.0, 1.0, 1.0])
b = a + np.array([1e-8, 0, 0])
for n in range(1, 4001):
    a, b = step(a, r, h), step(b, r, h)
    if n % 100 == 0:
        print(n*h, np.linalg.norm(a-b))
```

`r = 10` ला दोन्ही रन घिरट्या घालत एकाच बिंदूवर जाऊन बसतात. तिथं x आणि y दोन्ही √२४, म्हणजे ४.८९९, आणि z बरोबर ९. `1e-8` चा फरक वाढत तर नाहीच, तो आटत आटत यंत्राच्या शेवटच्या अंकापर्यंत येतो. कोड तोच, पद्धत तीच, स्टेप तीच. दोष त्यांचा असता तर इथंही दिसला असता.

आता `r = 28` करून तोच छापलेला फरक बघा, पण साध्या प्लॉटवर नको. साध्या प्लॉटवर विसापर्यंत काहीच घडत नाही आणि मग एकदम बिनसतं असं वाटतं, आणि सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. उभा अक्ष लॉगचा घ्या, म्हणजे फरक पहिल्यापासूनच वाढत होता हे दिसेल. हेलकावे खात, पण एकूण सरळ रेषेत. या आकड्यांना वाढीचा सरासरी दर ०.९०६ आहे. म्हणजे फरक दसपट व्हायला सुमारे अडीच एकक वेळ लागतो, आणि तेवढ्यात बिंदू फुलपाखरासारख्या आकृतीच्या पंखांभोवती तीनएक फेऱ्या मारतो. `1e-8` पासून १० पर्यंत जायला नऊ वेळा दसपट व्हावं लागतं, म्हणून हिशेब २३ च्या जवळ येतो. फरक १ झाला तरी प्लॉटवर डोळ्याला कळतो, म्हणून तुम्हाला तो विसालाच दिसला.

सुरुवात हजारपट नेमकी करून `1e-11` केली तर मुदत २३ वरून साधारण ३०-३१ वर जाते. पुन्हा हजारपट केली तर ३८. हजारपट कष्टाला साडेसात एकक मिळतात, आणि दर वेळी तेवढेच.

शहापूर_बेळगाव
मग स्टेप लहान करण्यात काहीच अर्थ नाही म्हणता?

टिळकवाडी_न्यूमेरिकल
अर्थ आहे, पण भाव बघा. सोळापट कमी चूक म्हणजे वेळेत तीन एककं. दुप्पट काम, तीन एककं. स्टेप दहापट लहान केली तर दहाएक एककं. आणि हेही फार काळ चालत नाही. एका हद्दीनंतर स्टेपची चूक राउंड-ऑफच्या खाली जाते, आणि त्याहून लहान स्टेप घेतली तर पायऱ्या वाढतात तशा राउंड-ऑफच्या चुकाही वाढतात.

राउंड-ऑफचं काम उघड बघायचं असेल तर सुरुवातीला हातच लावू नका. दुसऱ्या समीकरणात `x*(r-z)-y` च्या जागी `r*x-x*z-y` लिहा. कागदावर दोन्ही एकच. यंत्रात शेवटचा अंक कधीतरी वेगळा पडतो, आणि ३५ ते ४० च्या दरम्यान दोन रन दोन वेगळ्या पंखांवर असतात. एकच प्रोग्रॅम लॅबच्या दोन संगणकांवर वेगळं उत्तर देतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. कंपायलरनं बेरजेचा क्रम बदललेला असतो.

खानापूर_४२
मला हे पटत नाही. तुम्ही सगळे डबल प्रिसिजनला देव मानून बोलायलाय. `mpmath` मध्ये ५० अंक घ्या, टेलर मालिकेची वरच्या घाताची पद्धत वापरा, आणि भाकीत १०० च्या पुढं नेऊन दाखवतो. समीकरणांत अनिश्चित असं काही नाहीच. मर्यादा आपल्या अंकांची आहे. त्यामुळं ‘दीर्घ भाकीत अशक्य’ हे वाक्यच चूक.

टिळकवाडी_न्यूमेरिकल
खानापूरकर, गणित म्हणून मान्य. ५० अंकांना शंभर काय, सव्वाशेच्या आसपास जाता येईल. पण सुरुवातसुद्धा ५० अंकांपर्यंत माहीत हवी. (1, 1, 1) आपण मनानं धरलेली आहे म्हणून ती नेमकी आहे. तेच आकडे कुठल्या उपकरणानं मोजले असते तर तीनचार अंक हाती लागले असते, आणि मग पन्नास अंकांचं यंत्र दहा-बारा एककांपुढचं जे छापतं ते फक्त सुबक दिसतं.

आणि तुमच्या रस्त्यावर एक खड्डा आहे. सुरुवात ०.१ असेल आणि `mpf(0.1)` लिहिलंत तर पन्नास अंक फुकट. पायथन आधी 0.1 चा डबल करतो आणि तो नेमका ०.१ नसतो. सतराव्या-अठराव्या अंकाला फरक आत येतो आणि ४६ च्या आसपास रन हातचा जातो. `mpf('0.1')` असं अवतरणात लिहायचं. ८/३ चंही तसंच. `mpf(8)/3` ठीक, `mpf(8/3)` नको.

खानापूर_४२
अवतरणाचं ध्यानात ठेवतो. पण मुद्दा सोडत नाही. आपण जे मोजू शकत नाही त्याचा दोष समीकरणावर का टाकायचा?

टिळकवाडी_न्यूमेरिकल
`r = 10` ला मोजमाप तितकंच ढोबळ असूनही भाकीत टिकतं, म्हणून.

चिकोडी_ऊसवाला
तुमची चर्चा बघूलोय, एक विचारू? आमच्याकडं ॲपवर पाच दिवसांचा पाऊस दाखवतात, तो बऱ्यापैकी जमतो. पंधरा दिवसांचा दाखवतात, त्यावर लागण केली तर पस्तावायची पाळी. आणि २०१९ ला कृष्णेचं पाणी शेतात आलं तेही असंच आठव्या दशांशानं आलं काय?

हिंडलगा_रिटायर्ड
पूर वेगळा हो. पाऊस वर पडून गेलेला असतो, धरणातून किती सोडलं ते माहीत असतं, पाणी खाली यायला वेळ लागतो. तिथं प्रश्न मोजणीचा आणि निरोप वेळेवर पोचण्याचा. पावसाचं मात्र याच जातीचं. लॉरेन्झनं १९६१ मध्ये हीच तीन समीकरणं संगणकावर चालवताना ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ टाकलं आणि हवामान पार बदललं, तिथूनच हे सुरू झालं.

टिळकवाडी_न्यूमेरिकल
आकडे बरोबर, समीकरणं वेगळी. १९६१ चं ते मॉडेल बारा चलांचं होतं. तीन चलांचं १९६३ च्या लेखात आलं, आणि तेही हवामानाचं नाही. खालून तापवलेल्या द्रवाच्या थराचं, फार छाटलेलं रूप आहे ते. म्हणून चिकोडीकर, यातले २३ एकक म्हणजे किती दिवस असं विचारू नका, तसा हिशेब लागत नाही.

तुमच्या उपयोगाची गोष्ट दुसरी आहे. ०.९०६ हा सरासरी दर आहे. एकाच पंखाभोवती फिरताना फरक काही वेळ आकसतोही, आणि जिथं वाट दोन पंखांकडे फुटते, त्या z-अक्षाजवळच्या जागेतून जाताना झपाट्यानं वाढतो. म्हणून एका सुरुवातीऐवजी तिच्या आसपासच्या पन्नास सुरुवाती सोडायच्या. पन्नासही एकत्र राहिल्या तर त्या वेळेपुरतं भाकीत धरून चाला, निम्म्या इकडं निम्म्या तिकडं गेल्या तर सोडून द्या. हवामानखात्याची मॉडेलंसुद्धा एकाच दिवसासाठी अनेक वेळा चालवतात ती याच कारणानं. ॲपवर पंधराव्या दिवसाला एकच आकडा दिसत असेल तर त्यामागचा विखुरलेपणा लपवलेला आहे असं समजा.

चिकोडी_ऊसवाला
म्हंजे पाच दिवसांवर चालायचं. बरं.

निपाणी_एमएस्सी
`r = 10` चालवलं. z ९ वर बसला, फरक शेवटच्या अंकापर्यंत आला. मग लॉगच्या प्लॉटवरून ०.९०६ काढायला गेलो तर ० ते ४० मध्ये रेषा बसवून ०.५ च्या आसपास येतंय.

टिळकवाडी_न्यूमेरिकल
२३ नंतर फरक वाढायला जागाच नाही. सगळी वाट x मध्ये सुमारे उणे २० ते अधिक २० एवढ्यातच फिरते, म्हणून रेषा आडवी होते. तो आडवा भाग तुम्ही हिशेबात धरलाय, त्यामुळं उतार कमी आला. रेषा फक्त चढत्या भागात बसवा. तरीही एका जोडीवरून आकडा डळमळीतच येणार. नीट करायचं तर दर एककाला फरक मोजा, त्याचा लॉग साठवा, आणि b ला a जवळ त्याच दिशेत पुन्हा `1e-8` वर आणून सोडा. पहिली वीसएक एककं टाकून द्या. अशी काही हजार एककं चालवून सरासरी काढली की ०.९० च्या आसपास स्थिरावतं.

शहापूर_बेळगाव
थांबा. ४० नंतर रन खोटा म्हणता, आणि काही हजार एककं चालवून त्याचीच सरासरी काढता? खोट्या वाटेची सरासरी खरी कशी?

टिळकवाडी_न्यूमेरिकल
प्रश्न चांगला आहे. करून बघितलं तर स्टेप बदला, सुरुवात बदला, z ची लांबची सरासरी २३.५ च्या आसपासच येते. t = ६० ला बिंदू कुठल्या पंखावर आहे हे सांगता येत नाही, पण वर्षानुवर्षांचा हिशेब हलत नाही. कारण म्हणून असं सांगतात की यंत्रानं काढलेली वाट आपल्या सुरुवातीची नसली तरी शेजारच्या दुसऱ्या कुठल्यातरी सुरुवातीच्या खऱ्या वाटेला बराच काळ चिकटून असते.

खानापूर_४२
‘असं सांगतात’ म्हणजे सिद्ध नाही.

टिळकवाडी_न्यूमेरिकल
या आकड्यांना हा विचित्र आकर्षक खरोखरच आहे, हे वॉर्विक टकरनं संगणकाच्या चुकांना दोन्ही बाजूंनी कुंपण घालून सिद्ध केलं, २००२ मध्ये छापून आलं. पण तुमचा ०.०१ स्टेपचा आरके-फोर हजार एककं खऱ्या वाटेला चिकटून राहतो याची हमी त्यातून मिळत नाही. ती मी देणार नाही.

शहापूर_बेळगाव
मग मी स्टेप अर्धी करून सरासरी पुन्हा काढणार. तिसऱ्या अंकात हलली तर इथंच टाकतो.