दहीकाल्याचे ५ भाग यूट्यूबवर टाकायचेत: प्रीमियर लावू की नुसतं शेड्यूल?

पायपेटी_वेंगुर्ला
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जत्रेतला दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, यंदा दोन फोनवर अख्खा घेतला. कापून-जोडून ५ भाग झाले. पहिला आडदशावतार, म्हणजे संकासुर येतो ती आख्यानाआधीची सुरुवात, पुढचे चार आख्यानाचे, प्रत्येकी ४० मिनिटांच्या आसपास. जूनपासून दर शनिवारी रात्री ९ ला एकेक भाग सोडायचा विचार आहे. मुंबईचे चाकरमानी भाग ४ आधी बघून "संकासुर खंय?" विचारणार, हे नको. आणि जून लागला की आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. खर्चाला जास्तीत जास्त ३००० रुपये आहेत. प्रीमियर लावू की साधं शेड्यूल?

गिंबलवाला_रत्नागिरी
पहिलं म्हणजे फोनवर शूटिंग केलंत तिथेच घोटाळा झाला. मी ४० हजारांचा गिंबल घेतला तेव्हापासून माझी एकही फ्रेम हलत नाही. आता निदान इन्व्हर्टर आणि दोन सिमचा राउटर घ्या. २२ हजारांत सगळं बसतं.

पायपेटी_वेंगुर्ला
दादा, ३००० म्हटलं मी.

सागरकिनारी_७२
आमच्या नातवाला पण सिरीजचं भारी वेड. पण हल्लीच्या सिरीजमध्ये शिव्या फार. दशावतारावर कुणी करत असेल तर छानच, कुठल्या चॅनेलवर लागणार आहे?

आंबाबाग_देवगड
प्रीमियर म्हणजे लाइव्हच असतो. ९ वाजता लाईट गेली की प्रेक्षकांसमोर गोल फिरणारं चक्र. आमच्या भजनी मंडळाचं असंच झालं होतं, काकड आरतीच्या मधोमध. साधं शेड्यूल करा, डोक्याला ताप नको.

रात्रपाळी_एडिटर
आंबाबाग, तुमच्या मंडळाचं ते लाइव्ह प्रक्षेपण असणार. प्रीमियरमध्ये फाइल आधीच चढवलेली असते, ठरल्या वेळी यूट्यूब ती स्वतः चालू करतं. त्या वेळी चढवणाऱ्याचा फोन बंद असला तरी काही बिघडत नाही. लाईट जायची भीती आहे ती अपलोडच्या वेळी.

फोनवरची ४० मिनिटांची १०८०ची फाइल साधारण ५ जीबी भरते. अपलोडचा वेग २ एमबीपीएस मिळाला तर पावणेसहा तास लागतात. शिवाय चढल्यावर आधी हलकी प्रत तयार होते, एचडी मागून येते. म्हणून शनिवारचा भाग गुरुवारी रात्रीच लावून झोपा. शनिवारी संध्याकाळी लावलात तर लोक धूसर संकासुर बघतील. आणि १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकायचा तर चॅनेल फोन नंबरने व्हेरिफाय केलेलं लागतं, ते आजच उरका.

दोघांतला खरा फरक वेगळा आहे. साधं शेड्यूल केलेला व्हिडिओ वेळ होईपर्यंत खाजगी असतो, कुणालाही दिसत नाही. `Set as Premiere` लावलं की त्याचं पान लगेच जाहीर होतं. लिंक, चित्र, उलटी मोजणी, सगळं दिसतं. लोक `Notify me` दाबू शकतात, मग त्यांना अर्धा तास आधी आणि सुरू होताना निरोप जातो. तुमच्या चाकरमान्यांना व्हॉट्सॲपवर आठवडाभर आधी लिंक देता येते, हा प्रीमियरचा फायदा.

तोटा असा की प्रीमियर चालू असताना मागे जाता येतं, पुढे सरकवता येत नाही. ज्याला थेट युद्धाचा प्रसंगच बघायचाय तो चरफडणार. संपलं की मात्र तो नेहमीसारखा व्हिडिओ होतो.

आंबाबाग_देवगड
बरं, लाईटचं मान्य. पण भागात चूक निघाली तर त्याच लिंकवर नवीन फाइल टाकता येते ना? मी तसंच करायचो.

रात्रपाळी_एडिटर
यूट्यूबवर फाइल बदलता येत नाही. आतल्या एडिटरने नको तो तुकडा कापता येतो, बस. पुन्हा चढवली की लिंक नवी, आणि ज्यांनी `Notify me` दाबलं ते जुन्या लिंकसोबत गेले. नुसती वेळ बदलायची असेल तर लिंक तीच राहते. हे मी अंगावर घेऊन शिकलोय. एका नमनाच्या भागात वगनाट्याऐवजी तालमीचं रेकॉर्डिंग चढवलं, शुक्रवारी रात्री लक्षात आलं, आणि शनिवारी सत्तर जणांना एकेक करून नवी लिंक पाठवली.

गिंबलवाला_रत्नागिरी
मी वर म्हटलंच होतं की आधीपासून तयारी हवी.

पायपेटी_वेंगुर्ला
धन्यवाद. काल चाचणीसाठी प्लेलिस्ट केली. पाचही भाग टाकले, माझ्याकडे पाचही दिसतात, पण बायकोच्या फोनवर एकच! शिवाय माझ्या यादीत भाग ५ सगळ्यात वर. घरात "तुझं काहीतरी चुकलंय" सुरू आहे.

रात्रपाळी_एडिटर
बायकोला एकच दिसला कारण बाकीचे चार शेड्यूल केलेत, म्हणजे अजून खाजगी. तुम्ही मालक, म्हणून तुम्हाला कुलपाच्या खुणेसह दिसतात. घरी सांगा, चुकलं काही नाही. शनिवार येईल तसे तिलाही दिसतील.

उलट क्रम मात्र तुमच्याकडूनच झालाय. प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये नवीन व्हिडिओ वर टाकायचा पर्याय चालू असेल, तो बंद करा. मग भाग हाताने ओढून १ ते ५ लावा. एक संपला की यादीतला पुढचा लागतो, त्यामुळे हा क्रम उलटा राहिला तर आख्यान शेवटाकडून सुरू होईल. व्हॉट्सॲपवर एकेका व्हिडिओची लिंक पाठवण्यापेक्षा प्लेलिस्टमधून उघडलेली लिंक पाठवा, तिच्यात `list=` असतं. तेवढं असलं की बघणारा यादीतच राहतो.

तिथेच `Set as official series for this playlist` असाही पर्याय आहे. तो लावला की यूट्यूबला कळतं की हे भाग एकत्र बघायचे आहेत. पण एक व्हिडिओ एकाच अशा मालिकेत बसतो. पुढे "सगळे आडदशावतार" अशी दुसरी यादी काढायची असेल तर ती साधीच ठेवावी लागेल.

सागरकिनारी_७२
म्हणजे ही टीव्हीवर लागणार नाही? माका वाटलां लागतली.

कुडाळ_मृदंग
व्हिडिओ कसाही टाका हो, पखवाजाचा आवाज नीट घेतलाय का? फोनवर झांज कानात घुसते आणि पखवाज कुठेतरी शेजारच्या गावात वाजतो. ३००० मध्ये कॉलरचा माईक घ्या.

गिंबलवाला_रत्नागिरी
कॉलर माईक दशावताराला? राजाच्या भरजरी अंगरख्यावर घासून नुसता खरखराट येतो. उंच काठीवर माईक हवा, ६ हजारांपासून पुढे.

कुडाळ_मृदंग
राजाला कोण म्हणालं? पखवाजवाल्याला लावा!

रात्रपाळी_एडिटर
रेकॉर्डिंग झालंय त्यांचं, माईकचं काय करणार आता? माझा सल्ला एवढाच: भाग १ ला प्रीमियर, बाकी चार साधं शेड्यूल. पाचही एकदम प्रीमियर लावाल तर चॅनेलवर पाच `Upcoming` पाट्या लटकतील आणि लोक कुठल्या शनिवारी कुठला हे विसरतील.

आंबाबाग_देवगड
सहमत. मी तर सगळेच शेड्यूल केले असते. प्रीमियरच्या चॅटमध्ये गावातले जुने भांडण उकरून काढतात.

पायपेटी_वेंगुर्ला
सगळ्यांचं वाचलं, मंडळात बोललो. आम्ही पाचही प्रीमियरच लावतोय. कारण देवळाच्या सभामंडपात पडदा लावून म्हाताऱ्यांना एकत्र दाखवायचंय. त्यांना पुढे सरकवायचं नाहीच आहे, उलट कुणी सरकवू नये असंच त्यांना हवंय. आणि प्रीमियर चालू असताना मधल्या जाहिराती येत नाहीत असं ऐकलं. ते खरं ना?

रात्रपाळी_एडिटर
खरं. सुरुवातीला एखादी येऊ शकते, मधे नाही. पण निदान पाचही एकदम लावू नका. एक संपला की रविवारी पुढचा लावा. आणि सभामंडपातली लाईट गेली तर? तिकडे मुंबईत ९ ला सुरू होईल, तुम्ही अंधारात.

पायपेटी_वेंगुर्ला
सरपंचांचा जनरेटर आहे. डिझेलला ३००० मधले १२०० बाजूला काढलेत.

गिंबलवाला_रत्नागिरी
मी इन्व्हर्टर सांगितला तेव्हा कुणी ऐकलं नाही.