अनुभव धागा: फ्रेंच अनुवादकाला किंवा डिझायनरला काम सोपवताना तुम्ही काय काय लिहून देता?

ओसरी (धागाकर्ती):
नाशिकजवळ आमचा लोणची आणि मसाल्यांचा लहानसा उद्योग आहे, आणि यंदा प्रथमच आमचा माल फ्रान्समधल्या एका दुकानदाराकडे जाणार आहे. तिथे विकायच्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरची माहिती फ्रेंचमध्ये असणे बंधनकारक आहे, त्यामुळे अनुवादासाठी एक आणि लेबलाच्या मांडणीसाठी एक असे दोन स्वतंत्र व्यावसायिक आम्ही तिथलेच शोधले. दोघांशी पत्रव्यवहार फ्रेंचमध्येच करायचा, असे मी ठरवले होते. कामाची व्याप्ती, मुदत, मानधन आणि हाती काय मिळणार, हे चारही मुद्दे फ्रेंचमध्ये नेमके कसे मांडावेत याविषयी आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. आरंभ मीच करते.

अनुवादिकेला पाठवलेल्या पत्रात मी प्रथम मजकुराचे तीन भाग वेगळे दाखवले: लेबल, दुकानदारासाठीचे माहितीपत्रक आणि संकेतस्थळाची दोन पाने, मिळून 2,400 इंग्रजी शब्द. त्यानंतर वाचणारा कोण, हे लिहिले, कारण लेबल ग्राहक वाचतो आणि माहितीपत्रक व्यापारी. मुदत लिहिताना ‘पुढच्या आठवड्यात’ असे न म्हणता ‘मंगळवार, 14 ऑक्टोबर, संध्याकाळी 6, पॅरिसची वेळ’ असे लिहिले. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात. शेवटी ‘मेर्सी द नू आद्रेसे व्होत्र दव्ही’, म्हणजे कृपया आपले दरपत्रक पाठवावे, असे लिहून थांबले.

दरपत्रकाच्या आधी तिचा एक प्रश्न आला आणि तो मला फार मोलाचा वाटला. कैरीच्या लोणच्याच्या घटकांच्या यादीत नुसते ‘हिंग’ असे लिहिले होते. त्या हिंगात आणखी काय आहे, असे तिने विचारले. आपल्याकडचा बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो, आणि युरोपीय नियमांनुसार गव्हासारखा ॲलर्जीकारक घटक कितीही थोडा असला तरी यादीत बाकीच्या मजकुरातून उठून दिसेल असा दाखवावा लागतो. मोहरीचेही तसेच आहे. तेव्हापासून अनुवादासाठी मजकूर देताना प्रत्येक मिश्र घटकाची फोड करून देणे, हे मी कामाच्या व्याप्तीतच धरते.

पाणवठा:
मी ग्रेनोबलमध्ये बरीच वर्षे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये व्यावसायिक अनुवाद करते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. ओसरीताई, तुमचे पत्र मला आले असते तर त्याच दिवशी दरपत्रक पाठवता आले असते. फक्त एक गोष्ट मी मागितली असती: दर कोणत्या शब्दांवर मोजायचा, मूळ की अनुवादित, हे पत्रात असावे. इंग्रजीचे फ्रेंच केले की मजकूर साधारण 15 ते 20 टक्के वाढतो. तुमचे 2,400 शब्द फ्रेंचमध्ये 2,800 च्या आसपास जातील. शब्दाला 0.12 युरो असा दर धरला, तर मूळ शब्दांवर 288 युरो होतात आणि अनुवादित शब्दांवर 336. रक्कम लहान असली तरी मूळ शब्दांवर मोजणी केली की काम सुरू होण्यापूर्वीच आकडा पक्का होतो, आणि दोघांनाही तेच सोयीचे असते. पुस्तकांच्या अनुवादात मात्र वेगळीच पद्धत आहे. तिथे मोकळ्या जागांसह 1,500 अक्षरचिन्हांचा एक ‘फय्ये’ धरतात, त्यामुळे साहित्यिक अनुवादकाने त्या मापात दर सांगितला तर गोंधळून जाऊ नये.

दरपत्रक, म्हणजे ‘दव्ही’, ही इथे केवळ चौकशी नसते. त्यावर तारीख घालून, ‘बाँ पूर आकॉर’ असे लिहून सही केली की तोच तुमचा करार होतो. म्हणून पत्रात लिहिलेले सर्व काही त्या कागदावर उतरले आहे का, हे सही करण्यापूर्वी ओळीओळीने तपासावे. नवा ग्राहक असेल तर मी 30 टक्के आगाऊ रक्कम घेते आणि ती जमा झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजते; हेही दरपत्रकावर लिहिलेले असते. मुदत न ठरवता बिल दिले तर व्यावसायिक ग्राहकासाठी कायद्याने 30 दिवस धरले जातात, आणि उशीर झाल्यास व्याजाशिवाय वसुलीखर्चाचे 40 युरो मागता येतात. परदेशी ग्राहकाकडून ते वसूल होतातच असे नाही, पण बिलावर ती ओळ दिसली तर तो अविश्वास समजू नये.

कोयरी:
मी मुंबईत वेष्टनांचे डिझाइन करतो आणि फ्रेंच लेबलांची कामे लियाँमधल्या एका डिझायनरबरोबर वाटून घेतो. माझ्या अनुभवाने सर्वांत मोठा घोळ कामांच्या क्रमात होतो. अनुवाद पूर्ण व्हायच्या आत मांडणी सुरू केली की वाढलेला फ्रेंच मजकूर चौकटीत मावत नाही, आणि मग कोणीतरी अक्षरे बारीक करतो. खाद्यपदार्थाच्या लेबलावर तसे करता येत नाही, कारण बंधनकारक मजकुरात लहान ‘एक्स’ या अक्षराची उंची निदान 1.2 मिलिमीटर असावी लागते. फक्त ज्या वेष्टनाची सर्वांत मोठी बाजू 80 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असते, त्याला 0.9 मिलिमीटरची सवलत आहे. एका लोणच्याच्या बाटलीच्या वेळी आम्हाला याच कारणाने लेबलाची रुंदी वाढवून घ्यावी लागली होती.

म्हणून मी फ्रेंच पत्रात बाटलीचे माप, लेबलाचे मिलिमीटरमधले माप आणि कोणत्या दोन भाषा एकत्र येणार, हे सर्वांत वर लिहितो. त्याखाली किती आराखडे आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या मानधनात धरल्या आहेत ते लिहितो. फेरीला ते ‘आले-रतूर’ म्हणतात. माझ्या करारात दोन असतात आणि तिसरीपासून तासाचा दर लागू होतो. हाती काय मिळणार, याची यादीही लिहून घ्यावी: छपाईसाठीची पीडीएफ, चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा रंग, बाह्यरेषांत बदललेली अक्षरे आणि पडद्यावर दाखवण्यासाठी वेगळी प्रतिमा. छपाईपूर्वीच्या अंतिम मंजुरीला ‘बाँ आ तिरे’ म्हणतात. त्यावर ग्राहकाने सही केल्यानंतर सापडलेली चूक सर्वसाधारणपणे ग्राहकाची मानली जाते. त्यामुळे त्या टप्प्याआधी अनुवादिकेला मांडणीची पीडीएफ पुन्हा वाचायला द्यावी, आणि त्या वाचनाचे तासाप्रमाणे मानधन तिच्या दरपत्रकातच घालून घ्यावे. शब्द आणि चिन्ह वेगळ्या ओळींत तुटू न देणाऱ्या मोकळ्या जागा आणि मोठ्या अक्षरांवरची स्वरचिन्हे मांडणी करतानाच गळतात. ती तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत.

दगडीचाळ:
चर्चा चांगली चालली आहे. माझी सूचना अशी की अंदाजपत्रक करताना फ्रेंच बिलावर 20 टक्के मूल्यवर्धित कर धरूनच चालावे. आम्ही पॅरिसमधल्या एका छायाचित्रकाराकडून काम करून घेतले होते आणि तो कर भरला होता. दुसरे असे की पूर्ण मानधन दिले की काम आपले झाले, त्यामुळे हक्कांविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

पाणवठा:
दगडीचाळ, दर 20 टक्के आहे हे बरोबर आहे, पण तुमच्या बिलावर तो का लागला, हे त्या बिलाचे तपशील पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. युरोपीय संघाबाहेरच्या व्यावसायिक ग्राहकाला अशी सेवा दिली तर सहसा इथला कर लावत नाहीत. त्याशिवाय लहान उत्पन्नाचे अनेक स्वतंत्र व्यावसायिक करातून मुक्त असतात आणि बिलावर ‘तेव्हेआ नाँ आप्लिकाब्ल’ असे कलम क्रमांकासह लिहितात. म्हणून दरपत्रक मागतानाच रक्कम ‘ऑर ताक्स’, म्हणजे कराविना, द्यावी असे लिहावे आणि आपण व्यवसाय म्हणून काम देत आहोत हे स्पष्ट करावे. भारतातल्या बाजूला मात्र सेवा आयात केल्याबद्दलचा जीएसटी तुम्हालाच भरावा लागू शकतो, आणि पैसे पाठवताना बँक सनदी लेखापालाचे प्रमाणपत्रही मागू शकते. हे काम देण्यापूर्वीच आपल्या सीएला विचारावे, म्हणजे बिलाची मुदत बँकेतच संपत नाही.

हक्कांविषयी मात्र मी पूर्णपणे असहमत आहे. फ्रेंच कायद्यानुसार मानधन दिल्याने निर्मात्याचे हक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाहीत. प्रत्येक हक्काचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो, आणि वापर कशावर, कशासाठी, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ, हे चारही तपशील लिहावे लागतात. ‘सर्व हक्क ग्राहकाचे’ या एका ओळीवर विसंबून राहू नये.

रानवारा:
ताई, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलीला लियाँला शिकायला जायचे आहे आणि जन्मदाखल्याचा फ्रेंच अनुवाद हवा आहे. आम्ही एकाला शब्दाचा दर विचारला तर त्याने पानाचा दर सांगितला, त्यामुळे तो फसवत आहे असे वाटले.

पाणवठा:
दादा, तो बहुधा शपथबद्ध अनुवादक असावा. फ्रान्समधल्या अपील न्यायालयाच्या यादीत ज्यांची नावे असतात ते शिक्का आणि सही करून अनुवाद देतात, आणि असे दाखले पानाच्या दराने करण्याची पद्धत आहे. तुमच्या पत्रात तीनच गोष्टी लिहा: कागद कोणत्या कार्यालयाला द्यायचा आहे, शिक्क्याची मूळ प्रत टपालाने हवी की पीडीएफ चालेल, आणि सर्व नावांचे पासपोर्टवरचे स्पेलिंग. दाखला मराठीत असेल तर त्या यादीत मराठीचा अनुवादक सापडणे कठीण जाते. महापालिकेकडून इंग्रजी मजकुराचा दाखला मिळत असेल तर आधी तो काढावा.

हिमगौरी:
मी मॉन्ट्रियालमध्ये एका संस्थेसाठी पत्रके करून घेते. इथे काम देताना ‘क्युबेकसाठीचे फ्रेंच’ असे पहिल्याच ओळीत लिहावे लागते. शब्दांबरोबर विरामचिन्हेही बदलतात: फ्रान्समध्ये उद्गारचिन्हाच्या आणि प्रश्नचिन्हाच्या आधी बारीक मोकळी जागा सोडतात, इथे ती सोडत नाहीत. पॅरिसच्या डिझायनरने केलेले आमचे पत्रक त्यामुळे इथल्या संपादिकेने पानभर दुरुस्त्या करून परत पाठवले होते, आणि त्या दुरुस्त्यांचे पैसे कोणी द्यायचे हे करारात नव्हते. शेवटी निम्मे निम्मे भरले.

ओसरी (धागाकर्ती):
सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. कोयरी यांचे वाचून मी डिझायनरला आजच पत्र लिहिले आणि अनुवादिकेचे अंतिम वाचन व दोन फेऱ्या दरपत्रकात घालायला सांगितल्या. त्याचे उत्तर आले आहे. दोन्ही गोष्टी त्याला मान्य आहेत, पण संपादन करता येणारी मूळ फाइल हवी असेल तर मानधनाच्या निम्मी रक्कम वेगळी द्यावी लागेल, असे तो म्हणतो. पुढे मिरचीचे आणि लिंबाचे लोणचेही त्याच लेबलावर यायचे आहे, त्यामुळे ती फाइल आम्हाला लागेलच. ही मागणी तिथे रास्त मानतात का?

कोयरी:
मूळ फाइलचे वेगळे पैसे मागणे तिथे सर्रास आहे, पण निम्मी रक्कम मला जास्त वाटते. पुढच्या दोन लेबलांचे काम त्यालाच देण्याचे आजच लिहून दिले, तर तो ही रक्कम कमी करील असा माझा अंदाज आहे.

पाणवठा:
मी त्या डिझायनरच्या बाजूने आहे. मूळ फाइल गेली की पुढचे सगळे काम त्याच्या हातून जाते, आणि त्याने दर त्या हिशेबाने लावला आहे. ओसरीताई, पैसे द्यायचे ठरले तर फाइलबरोबर बदल करण्याचा हक्कही करारात वेगळा लिहून घ्या. फाइल हाती आली म्हणून तो हक्क मिळत नाही.