मदत हवी आहे: मुलाखतीत "मुलाबाळांचं काय ठरलंय?" असं विचारलं तर काय उत्तर द्यावं?

सांजवेळ

पुढच्या गुरुवारी माझी दुसरी फेरी आहे. पहिल्या फेरीत एचआरच्या बाईंनी सगळं छान विचारलं आणि फाइल मिटता मिटता म्हणाल्या, "लग्नाला किती वर्षं झाली? मग आता पुढचं प्लॅनिंग?" मी गडबडले आणि तोंडातून निघून गेलं, "नाही नाही, दोन वर्षं तरी काही विचार नाही."

खरं सांगायचं तर आम्ही अजून काही ठरवलेलंच नाही. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. काम प्रकल्प समन्वयाचं आहे, महिन्यातून आठ-दहा दिवस प्रवास. नोकरी मला मनापासून हवी आहे. गुरुवारी माझे होणारे वरिष्ठ समोर असतील. त्यांनी परत विचारलं तर संबंध न बिघडवता काय बोलू? आणि आधी बोलून गेले ते दुरुस्त करायला हवं का? शिवाय एक फॉर्म पाठवलाय, त्यात वैवाहिक स्थिती आणि अपत्यांची संख्या असे रकाने आहेत.

ठामपणे

असे प्रश्न विचारणं सरळ बेकायदेशीर आहे. तोंडावर सांगायचं, "हा प्रश्न कायद्यात बसत नाही." पुन्हा हिंमत होणार नाही त्यांची.

जुना_भरतीवाला

ठामपणे, तुमचा संताप रास्त आहे, पण हे अर्धंच बरोबर आहे. कायदा देशागणिक वेगळा आहे. बऱ्याच ठिकाणी प्रश्न विचारण्यावर थेट बंदी नसते, त्या उत्तरावरून नोकरी नाकारणं हा भेदभाव ठरतो. आणि तो सिद्ध करायची वेळ नंतर येते. मुलाखतीच्या टेबलावर कायदा काढला की पुढचं बोलणं तिथेच आटपतं. ज्यांना ती नोकरी नकोच आहे त्यांनी जरूर काढावा.

सांजवेळ, मी वीस वर्षं भरतीचं काम केलंय. या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा कामाची एखादी काळजी असते. तुमच्या बाबतीत ती उघड आहे: प्रवास जमेल का, आणि प्रकल्प अर्ध्यावर सोडून जाल का. प्रश्नाच्या शब्दांना उत्तर न देता त्या काळजीला द्या. म्हणजे असं:

"या कामात महिन्याला आठ-दहा दिवस प्रवास आहे हे मला माहीत आहे आणि ते मला जमणार आहे. सध्याच्या नोकरीतही मी फिरतीवर असते. प्रवासाच्या तारखा साधारण किती दिवस आधी कळतात?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. उत्तर देऊन गप्प बसलात तर ती शांतता अवघड होते आणि माणूस ती भरायला नको ते बोलून जातो. पहिल्या फेरीत तुमचं तेच झालं. उलट प्रश्न विचारला की बोलणं कामावर येतं, आणि समोरच्यालाही आपण घसरलो होतो हे न बोलता कळतं. मात्र "प्रवास जमेल" हे खरं असेल तरच म्हणा.

"दोन वर्षं नाही" हे दुरुस्त करायला जाऊ नका, विषय पुन्हा उघडेल. पण त्याचा पुनरुच्चारही करू नका. असं वाक्य कायद्याने बांधत नसलं, तरी पुढे कुणी "तुम्हीच म्हणाला होतात" असं ऐकवू शकतं.

दोन_टोकं

मी पुरुष आहे, वय 38, अविवाहित. मलाही दर मुलाखतीत विचारतात, "अजून लग्न का नाही?" एकदा तर "मग स्थिर कधी होणार?" म्हणाले. त्यामुळे हे फक्त बायकांचं नाही. मी हसून म्हणतो, "योग येईल तेव्हा." चालून जातं.

सांजवेळ

दोन टोकं, तुम्हालाही त्रास होतो हे पटतं. पण तुमच्या "योग येईल तेव्हा"ने नोकरी जात नाही. मी तेच म्हटलं तर त्यांना ते "लवकरच" असं ऐकू येईल.

चौथा_महिना

मला याच्याही पुढचं विचारायचं आहे. मी गरोदर आहे, चौथा महिना. पुढच्या आठवड्यात मुलाखत. विचारलं नाही तर आपणहून सांगायचं का? लपवलं म्हणून नंतर काढून टाकतील का?

जुना_भरतीवाला

तुमचा प्रश्न जास्त अवघड आहे. दोन निकाल सांगतो, मग ठरवा. भारतात आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये उमेदवार बाईंना शेवटच्या मासिक पाळीची तारीख आणि आधीची गरोदरपणं विचारली जात. एका बाईंनी चुकीची माहिती दिली म्हणून परिविक्षाकाळात त्यांची नोकरी गेली. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि हे रकाने लाजिरवाणे आहेत, काढून टाका, असं सांगितलं. 2001 मध्ये युरोपीय न्यायालयानेही ठरवलं की सहा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या बाईने गरोदरपण आधी सांगितलं नाही म्हणून तिला काढता येत नाही.

पण यावरून खोटं बोलणं सगळीकडे सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. आपणहून न सांगणं आणि विचारल्यावर "नाही" म्हणणं यांत फरक आहे. मी लेखी नियुक्तीपत्र हातात आल्यावर, रुजू होण्याआधी सांगा असं म्हणेन. भारतात पगारी प्रसूती रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. तारखा मोजून बघा.

छोटं_ऑफिस

नियुक्तीपत्र मिळाल्यावर सांगणं मला पटत नाही. आम्ही सहा जण आहोत, एक जण चार महिने नसला की काम थांबतं. मीही पूर्वी हा प्रश्न विचारायचो. एकदा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "हा प्रश्न सगळ्या उमेदवारांना विचारता का?" मी विचारत नव्हतो. तेव्हापासून सगळ्यांना एकच विचारतो: "सलग चार आठवडे बाहेरगावी राहावं लागेल, जमेल?" पण चौथा_महिना, तुम्ही आधी सांगितलंत तर मला तयारी करता येते, हेही खरं आहे.

ठामपणे

तयारी करता येते की दुसरा उमेदवार घेता येतो?

जुना_भरतीवाला

यावर एकमत होणार नाही. सांजवेळ, तुमचे दोन मुद्दे राहिले. फॉर्ममधले ते रकाने कोरे ठेवा किंवा "नियुक्तीनंतर देईन" असं लिहा. विमा आणि वारसनोंदणीसाठी ती माहिती खरंच लागते, पण रुजू होताना. दुसरं, एकदा बगल दिल्यावरही परत विचारलं तर आवाज न चढवता म्हणा, "ते मी घरापुरतं ठेवते. वेळ किंवा प्रवासाबद्दल काहीही विचारा, स्पष्ट सांगेन." तिसऱ्यांदा विचारलं तर तिथलं वातावरण कसं आहे ते तुम्हाला कळलेलंच असेल.

आणि त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, कोण काय म्हणालं आणि तुम्ही काय म्हणालात हे जसंच्या तसं लिहून ठेवा. तक्रार करा न करा, आठवड्याने शब्द आठवत नाहीत.

सांजवेळ

गुरुवार झाला. विचारलंच. "घरच्यांना प्रवास चालेल का?" असं. मी म्हटलं, "प्रवासाचा निर्णय माझा आहे आणि तो जमणारा आहे. तारखा किती आधी कळतात?" ते दोन क्षण थांबले, मग कॅलेंडर उघडून दाखवू लागले. पण निघताना एचआरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षांचं म्हणाला होतात ना?" मी फक्त म्हटलं, "कामाबद्दल जे बोलले ते पक्कं आहे." त्यांनी मान डोलावली, पटलं की नाही कळलं नाही. फॉर्ममधले रकाने कोरेच दिलेत. सगळं वहीत लिहून ठेवलंय. निकाल पंधरा दिवसांत कळवणार आहेत.

चौथा_महिना, तुमचं काय ठरलं?